कोटा घटला, आता कोणतं काम बंद करू?

*आम्ही तिघं मिळून एक छोटं ऑनलाइन दुकान चालवतो. ऑर्डर, साठा, पार्सल, पत्ते, सगळं एकाच सेवेच्या एपीआयवर चालतं. महिन्याला ५ लाख कॉलचा प्लॅन होता. पुढच्या महिन्यापासून तेवढ्याच पैशांत १ लाख कॉल मिळणार आणि मिनिटाला ६० कॉलची मर्यादा येणार. पूर्वीइतके कॉल हवे असतील तर जवळपास तिप्पट पैसे. आपोआप चालणारी कामं चार आहेत. वाटेतल्या सुमारे १६० पार्सलची स्थिती दर अर्ध्या तासाला, ६०० वस्तूंचा साठा दर दोन तासांनी, प्रत्येक ऑर्डरच्या पत्त्याची दोनदा तपासणी, आणि रात्री विक्रीचा अहवाल, जो १ तारखेपासूनच्या सगळ्या ऑर्डर एकेक करून पुन्हा मागवतो. रोज साधारण ४० ऑर्डर येतात. अहवाल आणि पत्त्याची तपासणी बंद करावी, साठा आणि पार्सल रात्री एकदाच बॅचमध्ये उरकावं, असं ठरवतोय. बरोबर आहे ना?*

आकड्यांत तुमची योजना बसते. पण जी दोन कामं तुम्ही बंद करायला निघालात, त्यांचा या गोंधळाशी फारसा संबंधच नाही. आधी बेरीज करू.

पार्सलचे दिवसाला १६० गुणिले ४८, म्हणजे ७,६८० कॉल, महिन्याचे २,३०,४००. साठ्याचे दिवसाला ७,२००, महिन्याचे २,१६,०००. पत्त्यांचे दिवसाला ८०, महिन्याचे २,४००. अहवाल थोडा फसवा आहे, कारण तो रोज वाढतो. १ तारखेला ४० ऑर्डर मागवतो, २ तारखेला ८०, आणि ३० तारखेला १,२००. सगळं मिळून १८,६००. एकूण ४,६७,४००. म्हणजे जुन्या प्लॅनमध्ये तुम्ही जेमतेम मावत होता, आणि ते बहुधा कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

यात अहवाल आणि पत्ते मिळून २१,००० होतात, जेमतेम साडेचार टक्के. उरलेले साडेपंच्याण्णव टक्के पार्सल आणि साठा खातात. तुमच्याच योजनेप्रमाणे ही दोन मोठी कामं दिवसातून एकदा केलीत, तर ती २२,८०० कॉलमध्ये होतात. त्यात अहवाल आणि पत्ते जसेच्या तसे ठेवले तरी बेरीज ४३,८०० येते. १ लाखात आरामात. मग ती दोन कामं बंद कशासाठी करायची? ती कमी महत्त्वाची वाटली म्हणून. महत्त्व आणि खर्च या दोन वेगळ्या रांगा आहेत, आणि कोटा घटला की बहुतेक जण पहिल्या रांगेच्या तळापासून कापायला लागतात. कापायचं ते दुसऱ्या रांगेच्या माथ्यापासून.

तुमच्या योजनेतली खरी अडचण वेगळी आहे. साठा दिवसातून एकदाच तपासला, तर चोवीस तास दुकानात चुकीचा आकडा दिसू शकतो. तुमचा साठा बाहेरूनही बदलत असणार, नाहीतर दर दोन तासांनी विचारलंच नसतंत. नसलेली वस्तू विकली गेली की पैसे परत करा, माफी मागा, आणि तो ग्राहक परत येईलच असं नाही. पार्सलचंही तसंच. रात्री दोनला विचारलेली स्थिती ग्राहक दुपारी चारला पाहणार, आणि "आज पोहोचणार" हे त्याला पार्सल हातात पडल्यावर कळणार. कोटा वाचेल, पण ग्राहकांच्या फोनमध्ये आणि परताव्यांत तो वसूल होईल.

म्हणून प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारा. मागच्या वेळेपेक्षा वेगळं उत्तर किती वेळा मिळतं? आणि उत्तर उशिरा मिळालं तर कोणाचं काय बिघडतं? पहिल्या प्रश्नातून कळतं किती कॉल फुकट जातात, दुसऱ्यातून कळतं किती उशीर परवडतो.

पार्सलला हे लावून पाहू. रोज ४० ऑर्डर आणि वाटेत १६० पार्सल, म्हणजे एक पार्सल सरासरी चार दिवस वाटेत असतं. चार दिवसांत तुम्ही त्याच्याबद्दल १९२ वेळा विचारता. त्या चार दिवसांत त्याची स्थिती किती वेळा बदलते? उचललं, केंद्रावर आलं, निघालं, दुसऱ्या केंद्रावर आलं, वाटपाला गेलं, पोहोचलं. सहा म्हणू. म्हणजे १९२ पैकी १८६ उत्तरं "काही नवं नाही" अशी, आणि प्रत्येकासाठी एक पूर्ण कॉल मोजला गेला. माझा सहाचा अंदाज मानू नका. तुमच्याकडे नोंदी असतील. मागच्या आठवड्याच्या नोंदी काढा आणि लागोपाठची दोन उत्तरं किती वेळा वेगळी होती ते मोजा. त्या मोजणीला एक तास लागेल, पण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतील.

आता दुसरा प्रश्न. पार्सल दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर आहे तोवर ते दर अर्ध्या तासाला पाहून कोणाचा काहीच फायदा नाही. वाटपाला निघालं की मात्र ग्राहक खरंच वाट पाहत असतो. तेव्हा सगळ्या पार्सलना एकच वेळापत्रक लावणं हीच उधळपट्टी होती. १६० पैकी रोज साधारण ४० वाटपाला निघतात, १२० वाटेत असतात. वाटेतल्यांना दिवसातून तीनदा विचारा: ३६० कॉल. वाटपाला निघालेल्यांना वाटपाच्या दहा तासांत दर तासाला एकदा: जास्तीत जास्त ४००, कारण पोहोचलेलं पार्सल यादीतून लगेच बाहेर पडतं. दिवसाला ७६०, महिन्याला २२,८००. आधीच्या एक दशांश. आणि गंमत म्हणजे, ही संख्या तुमच्या "रात्री एकदाच" योजनेतल्या दोन्ही कामांच्या बेरजेएवढीच आहे. फक्त इथे ग्राहकाला जुनी माहिती दिसत नाही.

सेवा वेबहूक देत असेल, म्हणजे स्थिती बदलली की तीच तुमच्या सर्व्हरला कळवत असेल, तर विचारत बसायची गरजच उरत नाही. पण आधी दोन गोष्टी तपासा. नव्या प्लॅनच्या तक्त्यात वेबहूक तुमच्या टप्प्यात राहिलं आहे का, हे पाहा. किमतीची पुनर्रचना होते तेव्हा असल्या सोयी वरच्या टप्प्यात सरकवल्या जाणं नवं नाही. आणि वेबहूक हरवतात. तुमचा सर्व्हर दहा मिनिटं बंद असेल तर त्या वेळचे संदेश काही सेवा पुन्हा पाठवतात, काही नाही. कधी एकच संदेश दोनदा येतो, कधी "पोहोचलं" आधी आणि "वाटपाला निघालं" नंतर. म्हणून संदेशातली वेळ पाहूनच नोंद बदलायची आणि दिवसातून एकदा सगळ्या उघड्या पार्सलची थेट चौकशी करून ताळा घ्यायचा. ताळ्याचे महिन्याला ४,८०० कॉल. तेवढे ठेवाच. वेबहूक आहे म्हणून ताळा बंद केला, की एखादं पार्सल कायमचं "वाटेत" राहतं आणि ते ग्राहकच तुम्हाला सांगतो.

साठ्याकडे येऊ, कारण बॅच या शब्दाने सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. बॅच म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि त्यातली प्रत्येक कोटा वाचवतेच असं नाही.

एक म्हणजे एकाच प्रश्नात अनेक वस्तू विचारणं. यूट्यूबच्या डेटा एपीआयमध्ये `videos.list` ला एका वेळी ५० व्हिडिओंचे क्रमांक देता येतात आणि कोट्यातून एकच युनिट जातं. इथे बॅच केली की खर्च सरळ पन्नासावर भागला जातो. दुसरी म्हणजे अनेक स्वतंत्र विनंत्या एका लिफाफ्यात घालून पाठवणं. जीमेलच्या एपीआयमध्ये ही सोय आहे, पण त्यांच्याच दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की n विनंत्यांची बॅच n विनंत्या म्हणूनच मोजली जाते. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, कोटा एक कणही वाचत नाही. तिसरी म्हणजे तुम्ही म्हणता ती, काम साठवून ठेवून रात्री करणं. त्यात वाचतं ते फेऱ्या कमी झाल्यामुळे. रात्रीचा त्यात काही हात नाही. अपवाद फक्त त्या सेवांचा, ज्या तातडीने नको असलेल्या कामाला वेगळा, स्वस्त दर लावतात. तुमच्या पत्रावरून तरी तुमची सेवा तशी दिसत नाही.

तेव्हा पहिलं काम: तुमच्या सेवेत साठ्याची चौकशी अनेक क्रमांक एकदम घेते का, आणि घेत असेल तर ती एक मोजते की पन्नास, हे शोधा. दस्तऐवज अनेकदा यावर मूग गिळून असतात. स्वतः पाहणं सोपं आहे. उत्तराबरोबर येणाऱ्या हेडरमध्ये अनेकदा शिल्लक मर्यादा लिहिलेली असते. ती पाहायला एवढं पुरे:

```
curl -s -D - -o /dev/null \
  -H "Authorization: Bearer $TOKEN" \
  "https://api.example.com/stock?ids=101,102,103" \
  | grep -i ratelimit
```

पत्ता आणि क्रमांक तुमचे घाला. लागोपाठ दोनदा चालवा. `remaining` चा आकडा १ ने उतरला तर छान, ३ ने उतरला तर लिफाफ्याचा प्रकार. हे करताना बाकीची कामं थांबवून ठेवा, नाहीतर त्यांचेही कॉल त्यात मिसळतील. आणखी एक सावधगिरी: या हेडरमध्ये बहुतेक वेळा मिनिटाची किंवा तासाची मर्यादा असते, महिन्याची नव्हे. दोन्हींची मोजणी एकाच रीतीने होत असेल असं गृहीत धरू नका. खात्री हवी असेल तर एखाद्या शांत वेळी ५० वस्तूंच्या दहा चौकश्या करा आणि सेवेच्या वापर-पानावर आकडा १० ने वाढला की ५०० ने, ते दुसऱ्या दिवशी पाहा. ते पान ताबडतोब ताजं होईलच असं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी.

एक मोजत असेल, तर ६०० वस्तूंच्या ५०-५० च्या १२ चौकश्या, दिवसातून १२ वेळा, महिन्याला ४,३२०. झालं. २,१६,००० वरून ४,३२०, आणि ग्राहकाच्या बाजूने काहीही बदललं नाही, दर दोन तासांनी साठा ताजाच. एवढ्या एका बदलाने तुमची बेरीज २,५५,७२० वर येते.

पन्नास मोजत असेल, तर प्रश्न बदलावा लागतो. "या ६०० वस्तूंचं काय?" असं विचारण्याऐवजी "मागच्या वेळेनंतर काय बदललं?" असं विचारायचं. बऱ्याच एपीआयमध्ये यासाठी `updated_since` किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. दिवसातून १२ वेळा ही यादी मागवली तर महिन्याचे ३६० कॉल. यादीतच नवा आकडा मिळत असेल तर काम तिथेच संपलं. फक्त क्रमांकच मिळत असतील, तर बदललेल्या वस्तूंपुरती चौकशी करायची. रोज २०० वस्तू बदलल्या तरी महिन्याला ६,०००.

या रीतीचे दोन खड्डे आहेत. तुमच्या आणि त्यांच्या घड्याळात फरक असतो, शिवाय बदल नोंदला जाणं आणि यादीत दिसणं यांत क्षणभराचं अंतर पडतं. म्हणून "मागची वेळ" जशीच्या तशी देऊ नका, पाच मिनिटं मागची द्या; काही वस्तू दोनदा येतील, त्याने काही बिघडत नाही. दुसरं, काढून टाकलेल्या वस्तू बदलांच्या यादीत येत नाहीत असं पुष्कळदा होतं. त्या तुमच्या दुकानात भुतासारख्या राहतात. आठवड्यातून एकदा सगळ्या ६०० ची पूर्ण फेरी मारा. महिन्याला साधारण २,४०० कॉल.

आणि दोन तासांच्या फटीत शेवटचा नग विकला गेला तर? त्यासाठी साठ्याच्या फेऱ्या वाढवू नका. ग्राहक पैसे भरायला गेला की फक्त त्याच्या टोपलीतल्या वस्तूंची त्या क्षणी एकेक चौकशी करा. एका ऑर्डरमध्ये सरासरी दोन वस्तू धरल्या तर दिवसाला ८०, महिन्याला २,४००. हा तुमच्या सगळ्या कॉलमधला सर्वांत किमती कॉल आहे, कारण नेमकी गरज असते त्याच वेळी तो होतो. सध्या तो तुम्ही करतच नाही. कोटा घटतोय त्या महिन्यात एक नवीन काम वाढवायला सांगतोय, हे मला कळतंय. तरी वाढवा.

आता बेरीज पुन्हा. पार्सल २२,८००, साठा ४,३२०, टोपलीची चौकशी २,४००, पत्ते २,४००, अहवाल १८,६००. एकूण ५०,५२०. नव्या मर्यादेच्या निम्मी. अहवाल आणि पत्ते जागच्या जागी आहेत.

पत्त्याच्या तपासणीला हात लावू नका. दुसरी तपासणी पत्ता बदलला नसेल तर टाळता येईल, महिन्याला फार तर १,२०० कॉल वाचतील. त्यासाठी पत्त्यांची साठवण, तिची मुदत, सेवेच्या अटी हे सगळं सांभाळत बसणं परवडत नाही. अटींचं म्हणतो ते उगाच नाही. उदाहरणार्थ, गूगल मॅप्सच्या जिओकोडिंगमधून मिळालेले अक्षांश-रेखांश ३० दिवसांपेक्षा जास्त साठवून ठेवायला त्यांच्या अटींत परवानगी नाही. उत्तर साठवून कॉल वाचवायचा विचार आला की आधी ते कलम वाचायचं.

अहवाल तसाच ठेवला तरी चालेल, पण त्याच्यावर नजर ठेवा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो फक्त १,१२० कॉल वापरतो, शेवटच्या सात दिवसांत ७,५६०. म्हणजे पहिला आठवडा पाहून कोणी चारने गुणलं, तर महिन्याचा अंदाज सपशेल चुकेल. आणि हंगामात ऑर्डर दुप्पट झाल्या तर पार्सल ४५,६००, टोपली आणि पत्ते मिळून ९,६००, अहवाल ३७,२००, साठा तेवढाच; बेरीज ९६,७२० होते. त्या महिन्यात तुम्ही अगदी काठावर असाल. म्हणून हंगामाआधी अहवालाचं काम करून घ्या: तो १ तारखेपासून सगळं नव्याने न मागवता कालपासून बदललेल्या ऑर्डरच मागवेल आणि आपल्याकडच्या नोंदीत मिळवेल. "बदललेल्या" हा शब्द महत्त्वाचा, "कालच्या" नव्हे. नाहीतर दहा दिवसांपूर्वीच्या ऑर्डरचा आज झालेला परतावा अहवालात कधीच दिसणार नाही. रोजच्या ४० नव्या आणि थोड्या परताव्यांच्या धरल्या तर महिन्याला दीड हजारांत भागतं.

मिनिटाला ६० ही मर्यादा तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत, पण पहिल्या आठवड्यात त्रास तीच देणार आहे. महिन्याचा कोटा संपायला वेळ लागतो. मिनिटाचा पहिल्याच तासाला संपतो. आत्ता तुमची कामं बहुधा तासाच्या ठोक्याला सुटतात, कारण वेळापत्रकात आपण सगळेच शून्य मिनिट लिहितो. पार्सल, साठा आणि अहवाल एकाच मिनिटाला सुटले की `429`, म्हणजे "मर्यादा ओलांडली" असा नकार, येणार. नंतर प्रोग्रॅम लगेच पुन्हा विचारणार, पुन्हा `429`, आणि नाकारलेली विनंतीही मोजणाऱ्या सेवा आहेत. या पुन:प्रयत्नांच्या चक्रात एका रात्रीत हजारो कॉल जाऊ शकतात आणि हाती काहीच लागत नाही. वापर-पानावर आकडा भराभर वाढतोय आणि तुमच्याकडच्या नोंदी मात्र जुन्याच आहेत, असं दिसलं की हेच घडतंय समजा.

कामांची मिनिटं वेगळी करा:

```
7  */2      * * *  stock_sync
23 6,13,20  * * *  parcels_transit
41 9-18     * * *  parcels_out
12 3        * * *  report
```

त्यानंतर प्रत्येक कामाला वेग बांधून द्या: दोन कॉलमध्ये निदान सव्वा सेकंद. म्हणजे मिनिटाला ४८ पर्यंत जातात आणि टोपलीच्या व पत्त्याच्या चौकशीला जागा उरते. १२० पार्सलची फेरी अडीच मिनिटांत होते. अहवाल ३० तारखेला १,२०० कॉल करतो तेव्हा त्याला २५ मिनिटं लागतील. पहाटे चारला ती कोण मोजतंय? `429` आलाच तर उत्तरात `Retry-After` असेल तेवढे सेकंद थांबा. नसेल तर ३०, ६०, १२० असे दुप्पट करत जा, त्यात थोडे मागेपुढे सेकंद मिसळा, आणि चार प्रयत्नांनंतर त्या फेरीपुरतं सोडून द्या. पुढची फेरी येणारच आहे.

एक गोष्ट मात्र कोडमध्ये आधीच लिहून ठेवा: कोटा संपत आला तर कोण आधी थांबणार. तुमचा स्वतःचा काउंटर ठेवा, सेवेच्या पानावर विसंबू नका. ८० हजार झाले की अहवाल थांबेल. ९० हजारांवर वाटेतल्या पार्सलची फेरी तीनवरून एकदा होईल. टोपलीची आणि पत्त्याची चौकशी शेवटच्या कॉलपर्यंत चालू राहील. महत्त्वाच्या क्रमाची ती रांग इथे कामी येते. हे न लिहिल्यास २७ तारखेला कोटा संपतो आणि त्यात सर्वांत आधी कोण उपाशी राहतं, हे नशिबावर ठरतं.

तिप्पट पैशांचा प्लॅन घ्यावा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, तरी सांगतो. वर लिहिलेलं काम तुमच्यातल्या प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला तीन-चार दिवसांचं आहे. ते पुढच्या महिन्याआधी होणार नसेल, तर एक महिना वरचा प्लॅन घेणं शहाणपणाचं ठरेल. घाईत वेळापत्रक बदलून साठ्याचे आकडे बिघडवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. वर्षाचा करार मात्र आत्ता करू नका. ४,६७,४०० ही तुमची गरज नव्हतीच, ती सवय होती, आणि त्या आकड्यावर वर्षाचं भाडं बांधून घेऊ नये.

आता प्लॅन बदलल्याची सेवेची ती सूचना पुन्हा वाचा, आणि या वेळी किंमत न पाहता काय मोजलं जातं ते पाहा. दर बदलतात तेव्हा मोजण्याचं एककही गुपचूप बदलू शकतं. ट्विटरने २०२३ मध्ये फुकट एपीआय आवरून सशुल्क टप्पे आणले, तेव्हा वाचनाची महिन्याची मर्यादा कॉलमध्ये नव्हे, परत आलेल्या पोस्टमध्ये होती. एका कॉलमध्ये १०० पोस्ट मागवल्या तर १०० गेल्या, बॅचचा उपयोग शून्य. रेडिटने त्याच वर्षी १ जुलैपासून दर लावला तो मात्र कॉलला, हजार कॉलना ०.२४ डॉलर, तिथे एका कॉलमध्ये जास्त आणणं हाच उपाय. गूगल मॅप्सने १ मार्च २०२५ पासून महिन्याचं २०० डॉलरचं एकत्र श्रेय काढून प्रत्येक प्रकारच्या चौकशीला वेगळी फुकट मर्यादा दिली, त्यामुळे एका प्रकारात वाचवलेलं दुसऱ्या प्रकारात वापरता येत नाही. त्यांच्या नव्या प्लेसेस एपीआयमध्ये तर तुम्ही मागवलेल्या माहितीतला सर्वांत महाग रकाना अख्ख्या विनंतीचा दर ठरवतो. एक नको असलेला रकाना सोडला की तीच विनंती खालच्या दरात बसू शकते. आणि डिस्टन्स मॅट्रिक्समध्ये १० ठिकाणांपासून १० ठिकाणांचं अंतर एका विनंतीत विचारलं, तर १०० घटक मोजले जातात.

तेव्हा सेवेला एक ईमेल पाठवा, आणि उत्तर लेखी मागा. १ लाख हे कॉल की परत आलेल्या नोंदी? अनेक क्रमांकांची साठा-चौकशी किती मोजली जाते? नाकारलेल्या विनंत्या, आणि ज्यांना `304`, म्हणजे "मागच्या वेळेपासून काही बदललं नाही" असं उत्तर आलं त्या विनंत्या मोजता का? (गिटहबवर लॉगिन करून केलेल्या सशर्त विनंतीला `304` आलं तर ती मुख्य मर्यादेत धरत नाहीत, तुमच्याकडे तसं असेल तर अहवालाचं काम आणखी सोपं होईल.) महिना कॅलेंडरचा की बिलाच्या तारखेपासूनचा, आणि कोणत्या टाइमझोनच्या मध्यरात्री शून्य होतो? १ लाखाच्या पुढे कॉल बंद पडतात की जादा दराने चालू राहतात, आणि चालू राहत असतील तर ते बंद करण्याचं बटण कुठे आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत तुमच्या काउंटरमध्ये १ लाखावर कुलूप घालून ठेवा.